मदत हवी: पहिली १० किमी, आठ आठवडे उरलेत आन् नडगी दुखायलीय

परभणीकर७: नमस्कार मंडळी. वय ३६, वजन ८२, दिवसभर दुकानात बसून काम. मित्रांच्या नादात डिसेंबरातल्या १० किमीची फी भरून बसलोय. तीन आठवडे झाले विद्यापीठाच्या रस्त्यावर भरतीच्या पोरांसोबत पळायलोय, रोज ३ किमी, आठवड्यातून सहा दिवस, किलोमीटरला सहा मिनिटं, त्यांच्या मागं लागायचं म्हणजे तेवढं करावंच लागतं. त्याआधी दहा वर्षांत बस पकडायला पळालो तेवढंच. आता दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला दुखायलंय. घरात मोहरीच्या तेलाची मालिश चालूय, फरक नाही. आठ आठवड्यांत कसं बसवू?

बीडचा_गडी: भाऊ लई लोड नको घेऊ. आम्हाला १६०० मीटरला बी असंच झालतं. सुरुवातीला दुखतंच, पळत राहिलं की नडगी पक्की होते. टाचा उचलायचा व्यायाम कर, पायरीच्या कडेवर उभं राहून, १५-१५ चे तीन सेट.

पहाटवारा: टाचांचा व्यायाम बरोबर सांगितला, पण दुखण्यावर पळत राहा हे चूक. भरतीची १६०० साडेपाच-सहा मिनिटांत संपते, ही सव्वा तास चालणार, तयारी वेगळीच. परभणीकर, तुमचं गणित बघा, शून्यावरून एकदम आठवड्याला १८ किमी, तेही दम तोडत. श्वास दोन आठवड्यांत जमतो, हाडाला त्याहून लई वेळ लागतो, म्हणून दम पुरतोय पण नडगी बोंबलायलीय.

आधी एक तपासा. खुर्चीवर बसून अंगठ्यानं नडगीची आतली कड वरून खाली दाबत या. वीतभर पट्टा सगळाच ठणकत असेल तर बहुतेक हाडाभोवतीचा ताण आहे, कमी केलं की उतरतो. पण बोट ठेवावं एवढ्या एकाच जागी कळ येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल, नाहीतर एका पायावर उडी मारल्यावर तिथंच चमक येत असेल, तर पळणं बंद आणि हाडाचे डॉक्टर गाठा. हाडाला बारीक तडा असू शकतो, आणि सुरुवातीला एक्स-रेत तो दिसेलच असं नाही, डॉक्टरांना तारखांसकट सगळं सांगा.

परभणीकर७: आन् पट्टाच दुखत असला तर?

पहाटवारा: मग पहिला आठवडा नुसतं झपाझप चालणं. नंतर मंगळ, गुरु, रवि एवढेच तीन दिवस पळायचं. दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला, वेग एवढाच की सोबतच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं, तुम्हाला किमीला आठ मिनिटं निघतील, निघू द्या. मंगळ-गुरु ३ किमी, जमलं तर पुढं ४. रविवार फक्त वाढवायचा: दुसऱ्या आठवड्यात ४, मग ५, चौथ्यात मुद्दाम परत ४, मग ६, ७, ८. शेवटच्या आठवड्यात दोनदा ३ किमी हलकं आणि रविवारी रेस. १० आधी पळून बघायची गरज नाही, ८ जमले की उरलेले दोन निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना नडगी बोलली तर तो दिवस गाळायचा, आणि गाळलेला दिवस नंतर भरून काढायचा नाही, सगळे तिथंच फसतात. भरतीच्या पोरांना लांबूनच रामराम करा.

लातूरची_ताई: मी पण विचारते, मला शुगरची गोळी चालू आहे, वय ४८, मला असं पळता येईल का? आणि बूट महागडेच लागतात का?

पहाटवारा: ताई, तुम्ही आधी डॉक्टरांना विचारा, काही गोळ्यांवर पळताना साखर खाली येते, डोस तेच बघतील. सोबत ग्लुकोजची पुडी ठेवा. छातीत दाबल्यासारखं झालं नाहीतर चक्कर आली तर कुणीही असो, तिथंच थांबायचं. बूट महाग नको, पण कॅनव्हासवर सिमेंट रोडला मी तरी पळणार नाही.

बीडचा_गडी: बुटानं काय होत नसतं, आमच्याकडं पोरं अनवाणी पळतेत.

पहाटवारा: लहानपणापासून अनवाणी असलेला पाय आणि दुकानात बसलेला पाय सारखा का? बाकी बुटावर माणसं भांडतच असतात, पायाला मऊ वाटेल तो घ्या.

परभणीकर७: आत्ता दाबून बघितलं. उजव्या पायाला अख्खा पट्टा दुखतो. डाव्याला मात्र मधोमध एकच जागा हाय, बोट लावलं की आईच आठवली. उडी मारली तर तिथंच कळ. रात्री दुखत नाही पण. हे त्या दुसऱ्यात मोडतं का?

पहाटवारा: मोडतं. रात्री दुखत नसलं तरी. डॉक्टरांनी सांगेपर्यंत एक पाऊल पळू नका, आणि तेलाची मालिश त्या जागेवर अजिबात नको. तडा निघाला तर डिसेंबर विसरा.

परभणीकर७: मंगळवारची अपॉइंटमेंट मिळालीय. फी परत मिळते का हो कुणाला माहितीय?