साई पदयात्रा ग्रुप : टेम्पोत काय आणि खांद्यावर काय

ए-203 दादा : जय साईराम सगळ्यांना. रामनवमीच्या पदयात्रेच्या सामानाची लिस्ट फायनल करायची आहे, 34 नावं झालीत. एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसू दे, टेम्पो आपल्या सोबत चालत नाही, तो पुढे जाऊन थांबतो. पडघा शहापूरपर्यंत दर पाच-सहा किलोमीटरवर थांबवता येतो म्हणून काही वाटत नाही, पण कसारा घाटात त्याला कुठेही थांबवायचं नाही, वळणावर उभी गाडी म्हणजे मागून ट्रेलर येऊन धडकायची भीती. म्हणून घाटाच्या दिवशी टेम्पो कसाऱ्याहून जो सुटेल तो थेट वर घाटनदेवीच्या मंदिरापाशी. मधला सगळा चढ ज्याच्या खांद्यावर जे आहे त्याच्यावरच काढायचा. लिस्ट त्या दिवसापासून उलटी बनवतोय.

सी-501 ताई : बरोबर दादा. गेल्या वेळी मधेच एका काकूंना चक्कर आली आणि ओआरएसचा अख्खा बॉक्स टेम्पोत, टेम्पो वर पोचलेला. शेवटी बाजूने चाललेल्या दुसऱ्या पालखीवाल्यांनी दिलं.

ए-203 दादा : तेच होऊ नये म्हणून यावेळी मेडिकल किट एका डब्यात नाही ठेवायचं. तीन छोटे पाऊच, एक सगळ्यात पुढच्याकडे, एक मधे, एक शेवटच्या माणसाकडे. मोठा डबा टेम्पोच्या केबिनमध्ये, तो मुक्कामाला उघडायचा. पाऊचमध्ये काय ते ताई तुम्हीच लिहा, तुम्ही दवाखान्यात आहात.

सी-501 ताई : लिहिते. ओआरएसची मोठी पाकिटं, पेपर टेप, कापूस, गॉझ, बीटाडीन, कात्री, क्रेप बँडेज, बस. ओआरएसचं नीट वाचा सगळ्यांनी, मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं असतं आणि छोटं 200 मिलीचं, पाकिटावर लिहिलेलं असतं. अर्ध्या बाटलीत मोठं पाकीट ओतलं की मीठ जास्त होतं, त्याने उलट त्रास होतो. आणि टेट्रा पॅकमध्ये मिळतात ती सगळी गोड पेयं ओआरएस नसतात.

दुसरं फोडांचं. आपल्या लोकांना सगळ्यात जास्त तोच त्रास. जागा गरम लागायला लागली, चुरचुरायला लागली की तिथेच थांबून पेपर टेप लावायची, फोड यायची वाट बघायची नाही. लहान फोड फोडायचा नाही, भोवती कापसाची गादी करून टेप. मोठा आणि टाचच टेकवत नाही असा असेल तर मुक्कामाला माझ्याकडे या, वरची कातडी कोणी ओढून काढायची नाही, ती राहिली तर जखम लवकर भरते. शुगरवाल्यांचे पाय रोज संध्याकाळी मी स्वतः बघणार, तळवेसुद्धा, कारण त्यांना कधी कधी लागलेलं कळतच नाही, आणि त्यांचा फोड मी फोडणार नाही, सरळ डॉक्टरकडे.

बी-104 काका : ताई, गुडघ्याच्या गोळ्या पाऊचमध्ये ठेवा ना. चढावर लागतात मला.

सी-501 ताई : काका तुमच्या तुम्ही डॉक्टरांना विचारून स्वतःजवळ ठेवा. पेनकिलर एकमेकांना वाटायची नाही हे ठरलंय, कोणाला किडनीचं आहे, कोणाला दमा, कोणी बीपीची गोळी घेतंय, त्यात उन्हात पाणी कमी झालेलं असतं, रिकाम्या पोटी घेतली की वेगळंच व्हायचं. आणि तुमच्या बीपीच्या गोळ्या सुद्धा टेम्पोच्या बॅगेत नको, कमरेच्या पाऊचमध्ये. इन्सुलिनवाल्यांनी तर टेम्पोचं नावच काढायचं नाही, बंद गाडीत उन्हात ते खराब होतं.

कोणी बरळायला लागलं, अंग तापलंय, धड उभं राहवत नाही, तर थोडं बसू दे म्हणायचं नाही. सावली, ओला कपडा, वारा आणि लगेच 108.

बी-302 काकू : खाण्याचं मी बघते. घाटाच्या दिवशी पहाटे चारला निघायचं तर तेव्हा फक्त चहा बिस्कीट. हातात प्रत्येकाला एक पुडी, फुटाणे गूळ, एक केळं, आणि एक लिटर पाणी भरलेलं. टेम्पो वर लवकर पोचतो म्हणून उपमा घाटनदेवीलाच टाकू, 34 जणांना रवा दोन किलो पुरतो. दुपारी खिचडी, तांदूळ साडेतीन किलो आणि मूगडाळ दीड किलो, सोबत ताक. सकाळी करून डब्यात भरून न्यायचं काही नको या उन्हात, बटाट्याची भाजी तर नकोच, झाकण बंद असलं की दुपारपर्यंत आंबते. करायचं तिथेच करायचं आणि लगेच वाढायचं.

ए-203 दादा : काकू मग शेगडी, सिलेंडर आणि किराणा टेम्पोत सगळ्यात शेवटी चढवायचा म्हणजे फाळका उघडला की पहिला हाताला येईल. बॅगा आत, अंथरूण तळाला. सिलेंडर उभा, दोरीने बांधलेला, रेग्युलेटर काढून. वर ताडपत्री.

डी-404 : दादा बॅगांना नंबर घालणार ना? मागच्या वर्षी माझी गेली होती.

ए-203 दादा : हो, तेच सांगायला आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हिची काळी बॅग सिन्नरच्या मुक्कामाला दुसऱ्या पालखीच्या गाडीत चढली, एकाच हॉलमध्ये दोन मंडळं उतरलेली आणि दोघांच्या बॅगा तशाच काळ्या. त्या लोकांनी शिर्डीत बॅग उघडली तेव्हा आत चिठ्ठी होती नाव आणि नंबरची, म्हणून फोन आला. बाहेरचा टॅग दोरीसकट तुटून गेला होता. त्यामुळे चिठ्ठी आतच पाहिजे, कपड्यांच्या वर, प्लास्टिकमध्ये. बाहेर हँडलला भगवी रिबीन आणि मार्करने नंबर, यादीत जो नंबर तोच बॅगेवर. चढवताना एकाने नंबर ओरडायचा आणि वहीवाल्याने टिक करायची, उतरवताना पण. चौतीस टिक झाल्याशिवाय फाळका लागणार नाही.

बी-302 काकू : आणि चार्जर! दर मुक्कामाला भिंतीला दोन चार्जर राहतातच.

ए-203 दादा : त्यासाठी दोन जण शेवटी निघतील, सगळे बाहेर पडल्यावर प्लग, बाथरूमचे हुक, दोऱ्यांवरचे कपडे आणि अंथरुणाखालची जागा एवढं बघूनच बाहेर. चार्जरवर पांढरी टेप लावून नाव लिहून आणा. सापडलेलं काहीही केबिनमधल्या झिपच्या पिशवीत आणि वहीत नोंद, काय, कुठे, कोणाला सापडलं. टॉवेल, बाटली असेल तर ग्रुपवर फोटो टाका. पण पाकीट, फोन, सोन्याचं काही असेल तर फोटो टाकायचा नाही, फक्त एक वस्तू सापडली आहे असं लिहा, ज्याची असेल तो काय आहे, आत काय आहे ते सांगेल आणि सही करून घेऊन जाईल.

डी-404 : फोनच हरवला तर?

ए-203 दादा : निघायच्या आधी घरी *#06# डायल करा, आयएमईआय दिसतो, तो कागदावर लिहून घरच्यांकडे ठेवा. हरवला की आधी रिंग देऊन बघायचं, नाही सापडला तर कंपनीला सांगून सिम बंद, मग पोलिसात तक्रार. त्या तक्रारीची कॉपी लागते, ती जोडून ceir.gov.in वर हँडसेट ब्लॉक करता येतो. पैशांची ॲप ज्याच्यात आहेत त्यांनी बँकेला पण लगेच कळवा.

बी-104 काका : वही मी सांभाळतो, दादा. माझं अक्षर चांगलं आहे.

ए-203 दादा : झालं मग काका, वही तुमच्याकडे. रविवारी संध्याकाळी क्लब हाऊसला बॅगा रिकाम्या घेऊन या, तिथेच नंबर घालू. ज्यांच्याकडे रिफ्लेक्टर जॅकेट नाही त्यांनी आजच सांगा, घाटात अंधारात एकामागे एक चालायचंय, जॅकेटशिवाय कोणाला घेणार नाही.

सी-501 ताई : मला एक पाहिजे, एम साईज.

बी-302 काकू : आणि ताकाला दही लागेल, इगतपुरीत सकाळी मिळेल का ते कोणीतरी फोन करून विचारा.