मदत हवी आहे: पर्वत जास्तीत जास्त किती उंच असू शकतो? (प्रश्नात एकही आकडा नाही)

घारपंख

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सरांनी सुट्टीत सोडवायला प्रश्न दिलेत, त्यातला एक जसाच्या तसा: ‘पृथ्वीवर पर्वत जास्तीत जास्त किती उंच असू शकेल? फक्त दहाचा घात बरोबर यायला हवा.’ प्रश्न एवढाच. घनता नाही, खडक कुठला ते नाही, काहीच नाही.

मी असा विचार केला. पर्वत फार उंच झाला तर वरच्या वजनानं तळाचा खडक टिकणार नाही. खडक म्हणजे ढोबळमानानं सिलिका, रेणुभार ६०. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाची ऊर्जा साधारण ५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एक रेणू h उंचीवर नेण्याची ऊर्जा या बंधाएवढी झाली की मर्यादा आली, असं धरलं. उत्तर येतं ८०० किमी! रीत चुकली की आकडा? मित्र म्हणतो, एव्हरेस्ट बघ आणि १० किमी लिहून टाक. पण मग प्रश्न सोडवला असं कसं म्हणणार?

काँक्रीटवाला

एवढं खोलात जायची गरज नाही. मी स्थापत्यातला माणूस. ग्रॅनाइटचा नमुना यंत्रात दाबला की साधारण २०० मेगापास्कलला फुटतो. उभ्या खांबाच्या तळावरचा दाब म्हणजे घनता गुणिले g गुणिले उंची. घनता २७००, g १० धरा. उंची ७.४ किमी. एव्हरेस्ट ८.८. जुळलं, विषय संपला.

टेकडीवाला

मग आपलं कळसूबाई १६४६ मीटरवरच का थांबलं? बेसॉल्ट काही ग्रॅनाइटपेक्षा कच्चा नसतो. दर पावसाळ्यात तिथे जातो, कातळ कसा आहे ते हातानं पाहिलंय. या हिशेबानं सह्याद्री पाचपट उंच हवा होता.

शिलारस

टेकडीवाले, प्रश्न ‘किती उंच असू शकतो’ असा आहे, ‘किती उंच आहे’ असा नाही. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला आणि नंतर झिजत गेला. त्याची उंची ठरली ती किती थर साचले आणि पावसानं किती नेले यावर. खडकाच्या ताकदीपर्यंत प्रकरण पोचलंच नाही.

घारपंख, रीत चांगली आहे, ऊर्जा चुकीची निवडली आहे. पर्वत खचतो तेव्हा नेमकं काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. संपूर्ण पर्वत थोडासा खाली बसतो, समजा एक सेंटिमीटर. त्यासाठी तळाच्या तेवढ्याच जाडीच्या थरानं बाजूला वाहून जागा करून द्यायला हवी. मिळालेली ऊर्जा म्हणजे अख्ख्या पर्वताचं वजन गुणिले एक सेंटिमीटर. खर्च म्हणजे तो पातळ थर वाहता करण्याची ऊर्जा. दोन्ही बाजूंचा तो सेंटिमीटर कटतो आणि उरतं तुमचंच समीकरण.

पण खडक वाहायला सगळे बंध तोडावे लागत नाहीत. अणूंनी शेजाऱ्यांवरून सरकलं, जुना बंध सुटून नवा जुळला, एवढं पुरतं. सगळे बंध तोडणं म्हणजे खडकाची वाफ करणं. तुम्हाला हवी वितळण्याची ऊर्जा, आणि ती सिलिकासाठी रेणूमागे ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आहे.

```
m ≈ 60 × 1.7e-27 ≈ 1e-25 kg
h ≈ E / (m g),  g ≈ 10 m/s²
E = 5 eV   -> h ≈ 8e5 m
E = 0.1 eV -> h ≈ 1.6e4 m
```

म्हणजे साधारण १६ किमी. हा मार्ग विक्टर वाइसकॉफ यांनी १९७५ मध्ये ‘सायन्स’मधल्या लेखात दाखवला होता, तोही जरूर वाचा.

काँक्रीटवाले, तुमचा मार्गही योग्य, फक्त ‘जुळलं’ याला माझी हरकत आहे. पर्वत खांबासारखा नसतो. शंकू धरला तर तळावरचा सरासरी दाब एक तृतीयांश होतो आणि मर्यादा तिप्पट. शिवाय प्रयोगशाळेत येतो हातभर, न तडकलेला तुकडा. डोंगरभर खडकात भेगा असतात, त्यानं ताकद घटते. उलट खोलवर चहूबाजूंनी दाब असल्यानं ती वाढते. यातलं काहीच न धरता ७.४ आणि ८.८ शेजारी आले, तो योगायोग. आपल्याला म्हणता येतं ते इतकंच: १० किमी, म्हणजे १ नाही आणि १०० नाही.

घारपंख

खूप आभार! सेंटिमीटर खचण्याची कल्पना सुचलीच नव्हती. पण ते ०.१ परीक्षेत आठवलं नाही तर? ५ माहीत होतं म्हणून तर मी ते घेतलं.

शिलारस

वितळण्याचं तापमान तर ठाऊक असतं? लाव्हा हजारेक अंशांचा असतो, शुद्ध सिलिका साधारण २००० केल्विनला वितळते. खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनला, kT चाळिसांश इलेक्ट्रॉन-व्होल्ट असतं हे पाठच असतं. २००० ला ते सातपट, म्हणजे ०.१७. उंची २७ किमी. दहाचा घात तोच राहिला.

आणि उत्तर तपासायचं तर दुसरा ग्रह घ्या, कारण खडक तोच आणि बदलतं फक्त g. मंगळावर g ३.७ आहे, म्हणजे मर्यादा पृथ्वीच्या अडीचपटीहून थोडी जास्त. तिथला ऑलिम्पस मॉन्स सुमारे २२ किमी उंच आहे. चंद्रावर मात्र मर्यादा सहापट होते, तरी तिथले पर्वत पाच-सहा किमीचेच. मर्यादा असली म्हणून कुणी तिथवर पोचलंच पाहिजे असं नाही, टेकडीवाल्यांना दिलेलंच उत्तर.

भूपट्ट

ऑलिम्पस मॉन्सचा दाखला मला तितका पटत नाही. पृथ्वीवर पर्वताखालची जमीन कठीण फरशी नाहीच. कवच प्रावरणावर तरंगतं. कवचाची घनता २.८ आणि प्रावरणाची ३.३ धरली तर दर एक किमी उंचीला खाली साडेपाच किमीचं मूळ लागतं. तिबेटखाली कवच सुमारे ७० किमी जाड आहे ते यामुळेच. इतक्या खोलीवर खडक तापून मऊ होतो आणि पठार आपल्या वजनानं बाजूला पसरायला लागतं. ही मर्यादा तळाचा खडक खचण्याच्या आधीच येत असावी. वरून हिमनद्या आणि पाऊस झीज करतात ते वेगळंच.

शिलारस

मुद्दा रास्त आहे. ऊर्जेचा हिशेब कमाल मर्यादा देतो. हिमालय तिच्या खाली नेमका कशानं अडला हे त्यातून कळत नाही. तरी माझ्या मते पसरण्याची मर्यादाही शेवटी खडकाच्या ताकदीवरच येते, फक्त तापलेल्या खडकाच्या.

भूपट्ट

तापलेल्या खडकाची ताकद तापमानावर घातांकी पद्धतीनं बदलते. तिथे दहाचा घातसुद्धा हातात राहत नाही, अडचण तीच आहे.

घारपंख

तुमची चर्चा चालू द्या, मी मधे एक करून पाहिलं. घनता सारखी धरली तर g त्रिज्येच्या प्रमाणात, म्हणजे खगोल जितका लहान तितका पर्वत उंच. मर्यादा त्रिज्येएवढी झाली की गोल असण्याची सक्तीच उरत नाही. १० किमी आणि पृथ्वीची त्रिज्या ६४०० किमी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ येतं २५० किमी. व्हेस्टाची सरासरी त्रिज्या २६० किमीच्या आसपास आहे आणि ती पुरती गोल नाही. सीरीसची ४७० आणि तो गोल आहे. हे बरोबर आहे, की पुन्हा योगायोग?

शिलारस

दोन्ही थोडं थोडं. पृथ्वीची घनता ५.५ आहे, व्हेस्टाची ३.५च्या आसपास. ती धरून पुन्हा करा, उत्तर तीनशेच्या थोडं वर जाईल. सीरीसमध्ये बर्फ बराच आहे, त्याच्यासाठी ऊर्जा खडकाची घेऊन चालणार नाही. बर्फाची वितळण्याची ऊर्जा तुम्हाला शाळेपासून माहीत आहे.