क्रॉस मेथड की x-y? (मिश्रणाची गणितं)

लोकलवासी: मिश्रणाच्या गणिताला x, y मांडत बसणाऱ्यांनी परत शाळेत जावं. क्रॉस मारा, तिरकी वजाबाकी करा, वीस सेकंदांत उत्तर.

परळची_अस्मिता: याच वीस सेकंदांनी सराव परीक्षेत माझा घात केला, म्हणून सविस्तर लिहिते. ४० रुपये किलोचा तांदूळ १० टक्के नफ्याने, ६० रुपयांचा २० टक्के नफ्याने विकला, एकूण नफा १६ टक्के. दोन्ही तांदूळ कोणत्या प्रमाणात? मी क्रॉस मारला : २० वजा १६ चार, १६ वजा १० सहा, म्हणजे २:३. पर्यायांत २:३ हजरच! चुकलं, वर गुण कापले. उत्तर १:१. एकेक किलो घेऊन बघा : खरेदी १००, नफा ४ आणि १२.

लोकलवासी: प्रश्न फसवा होता, पद्धत नाही.

तबेलेवाला: मध्येच बोलतो, माफ करा. प्रत्येक पुस्तकात पाणी दूधवालाच का घालतो? सोनाराने तांबं घातलं की मिश्रधातू, आम्ही घातलं की भेसळ. माझी पोरगी क्लासमधून आली की विचारते, "बाबा, आपण किती लिटर?"

परळची_अस्मिता: 😂 काका, खरं उत्तर दिलंत का?

तबेलेवाला: हसा. पहाटे तीनला उठून दूध काढा, मग हसा.

निवृत्त_मास्तर: दूध बाजूला ठेवा. लोकलवासी, पद्धत बरोबरच आहे, पण ती गुणोत्तर देते ते कशाचं? टक्के खरेदीवर मोजलेत, म्हणून २:३ हे खरेदीच्या रुपयांचं. किलो हवे तर दोनला ४० ने आणि तीनला ६० ने भागा. दोन्हीकडे एक विसांशच येतो. वेगातही तेच : ४० आणि ६० च्या वेगाने जाऊन सरासरी ४८ आली, तर क्रॉसचं ३:२ हे तासांचं. अंतर दोन्हीकडे सारखंच निघतं. x-y मांडणाऱ्याची ही चूक सहसा होत नाही, कारण x म्हणजे किलो हे त्याने आधीच लिहिलेलं असतं.

लोकलवासी: बरं बाबा, शेवटी भागायचं. तरी माझे वीसचे पंचवीस सेकंद झाले, एवढंच! भाव सारखा असेल तर भागायचीही गरज नाही.

परळची_अस्मिता: आणि तो सारखा आहे की नाही, हे घाईत बघणार कोण?

लोकलवासी: ज्याला नोकरी हवीय तो बघेल. काकांसाठी एक सोपं : दूध खरेदीच्याच भावाने विकून २५ टक्के नफा, पाणी फुकट. पाणी-दूध १:४. क्रॉसने, तोंडी.

तबेलेवाला: पाणी फुकट? टँकरचं बिल पाठवू का?