आत्याला दिवाळीचा निरोप : ‘आपणांस व आपल्या परिवारास’ याऐवजी काय लिहावे?

दांडियाबाजारकर

माझी आत्या पंचवीस वर्षांपूर्वी मुलाकडे न्यू जर्सीला गेली. तोपर्यंत तिची प्रत्येक दिवाळी बडोद्याच्या आमच्या वाड्यातच झाली होती. गेल्या दिवाळीत मी तिला एक निरोप पाठवला : ‘आपणांस व आपल्या परिवारास दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. ही दीपावली आपल्या जीवनात सुख, समृद्धी व आनंद घेऊन येवो.’ तोच निरोप मी त्या सकाळी आणखी चाळीस जणांना पाठवला होता. आत्याचे यजमान जाऊन तेव्हा चारच महिने झाले होते. तिने उत्तरात फक्त ‘धन्यवाद’ एवढेच लिहिले. आत्याने मला धन्यवाद म्हणावे हे आयुष्यात पहिल्यांदाच घडले, आणि तो शब्द मला वर्षभर खुपतो आहे.

आता काकांचे वर्षश्राद्ध झाले आहे आणि यंदा मला तिला नीट लिहायचे आहे. माझा प्रश्न शब्दांविषयीचा आहे. या वाक्यातला नेमका कोणता शब्द ते परके करतो? ‘हार्दिक’ काढून ‘मनःपूर्वक’ घातले तर फरक पडेल का?

शुद्धलेखनाचा आग्रही

मूळ चूक ‘दीपावली’ या शब्दात आहे. तो हिंदी आणि गुजराती लोकांचा शब्द असून आपला शब्द ‘दिवाळी’ हा आहे. बडोद्यात राहून आपण तो उचलला. ‘दिवाळीच्या शुभेच्छा’ असे लिहिले की निरोप आपोआप घरचा वाटेल. त्याशिवाय निम्मे लोक ‘दिपावली’ असे ऱ्हस्व लिहितात, तेही चूक आहे.

जुनी दौत

ऱ्हस्व-दीर्घाबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे : ‘दीपावली’त पहिले अक्षर दीर्घ आणि ‘दिवाळी’त ऱ्हस्व. मात्र ‘दीपावली’ हा शब्द कुणाकडून उचललेला नाही. दीप आणि आवली मिळून झालेला तो संस्कृत शब्द आहे, आणि ‘दिवाळी’ हे त्याचेच झिजून झालेले रूप आहे. मराठी निमंत्रणांत आणि अंकांच्या मुखपृष्ठांवर तो चालतो. आत्याशी बोलताना तो कुणी वापरत नाही, एवढेच खरे. ‘दिवाळी’ लिहावे हे मलाही मान्य आहे, पण तेवढ्याने वाक्य घरचे होणार नाही. ‘आपणांस व आपल्या परिवारास दिवाळीच्या शुभेच्छा’ हे वाचून पाहा, ते अजूनही फलकावरचेच वाटते.

परकेपणा ‘आपणांस’ या शब्दातून येतो. प्रश्नकर्तीने आत्याला आयुष्यभर काय म्हटले असेल? आपल्याकडे बहुतेक घरांत आई, आत्या, मावशी आणि आजी यांना ‘तू’ म्हणतात, तर काकांना आणि मामांना कुठे ‘तू’, कुठे ‘तुम्ही’. मोठ्या चुलतभावाला ‘दादा, तू’ म्हटले जाते आणि त्याच्या बायकोला ‘वहिनी, तुम्ही’. चाळीस जणांना एकच वाक्य पाठवायचे असेल तर या सगळ्यांना पुरेल असे एकच सर्वनाम उरते, आणि ते म्हणजे ‘आपण’. ते दिसताच वाचणाऱ्याला कळते की लिहिताना आपला चेहरा समोर नव्हता. ‘हार्दिक’ की ‘मनःपूर्वक’ या निवडीने यात काहीही बदलत नाही, कारण दोन्ही विशेषणे सारखीच झिजलेली आहेत.

मांजलपूरचे आजोबा

आमचा मुलगा मेलबर्नला असतो, त्यामुळे हा प्रश्न मला चांगला ठाऊक आहे. निरोप किती वाजता पाठवायचा हेच महत्त्वाचे असते. दिवाळीच्या दिवसांत तिथली घड्याळे आपल्या साडेपाच तास पुढे असतात. मी एकदा संध्याकाळी सात वाजता पूजा आटोपून ‘आज लक्ष्मीपूजन, तुम्हीही दिवे लावा’ असे लिहिले, तेव्हा तिथे मध्यरात्र उलटून गेली होती आणि सुनेने तो दुसऱ्या दिवशी कार्यालयात वाचला. तेव्हापासून मी आदल्या दिवशीच पाठवतो.

दांडियाबाजारकर

आजोबा, मी शब्दांविषयी विचारत होते, वेळेविषयी नव्हे.

जुनी दौत

तरी आजोबांच्या अनुभवात एक शब्द दडलेला आहे, आणि तो ‘आज’ हा आहे. ऑक्टोबरात न्यू जर्सी आपल्या साडेनऊ तास मागे असते. नरकचतुर्दशीला पहाटे पाचला तुम्ही ‘आज पहिली आंघोळ’ असे लिहाल, तेव्हा आत्याकडे आदल्या संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतील आणि ती रात्रीच्या स्वयंपाकाला लागलेली असेल. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळे मागे जातात आणि हे अंतर साडेदहा तासांचे होते. म्हणून परदेशी लिहिताना ‘आज’, ‘उद्या’ असे शब्द टाळून दिवसाचे नाव घ्यावे : लक्ष्मीपूजनाला, पाडव्याला, भाऊबिजेला. तो दिवस तिच्याकडे उजाडेल तेव्हाही वाक्य खरे राहते.

आता ‘शुभेच्छा’ या शब्दाकडे येतो, कारण मला खरे सांगायचे आहे ते इथेच. शुभेच्छा कुणीही कुणालाही देऊ शकतो, त्या शब्दाला वरची आणि खालची बाजू नाही. आपल्या पत्रांच्या भाषेला ती होती. वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहायचा आणि त्यांच्याकडून आशीर्वाद मागायचा, तर धाकट्याला ‘चि.’ लिहून ‘अनेक उत्तम आशीर्वाद’ द्यायचे. आई-वडिलांना ‘तीर्थरूप’ आणि इतर वडीलधाऱ्यांना ‘तीर्थस्वरूप’ लिहिण्याचा भेदही पाळला जाई. ‘सुख घेऊन येवो’, ‘आयुष्य लाभो’ ही ओकारान्त क्रियापदे ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणताना सर्वांसाठी चालतात. पण भाचीने आत्याला ‘तुला सुख लाभो’ असे लिहिले तर आशीर्वाद उलट्या दिशेने वाहिल्यासारखा वाटतो. भाचीने नमस्कार लिहावा आणि ‘तुझा आशीर्वाद असू दे’ असे म्हणावे. त्यात आत्याला तिची जागा मिळते.

टोरांटोतील बडोदेकर

मी घेणाऱ्याच्या बाजूने लिहितो. दर दिवाळीला माझ्याकडे साठ-सत्तर निरोप येतात आणि बहुतेकांना मी हात जोडल्याचे एक चित्र पाठवतो. पण जुन्या पत्रांची बाजू घेताना एक गोष्ट विसरली जाते : ती पत्रेही साच्यातलीच होती. माझ्या आजोबांच्या प्रत्येक पत्राची सुरुवात ‘सा. न. वि. वि.’ आणि शेवट ‘कळावे, लोभ असावा’ असाच असे. मग ती पत्रे आम्हाला नकललेली का वाटली नाहीत?

जुनी दौत

आपला प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्या चार अक्षरांतच आहे. ‘साष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ यातले ‘विनंती विशेष’ म्हणजे आता सांगायची गोष्ट सुरू होते, अशी खूण. मायना ठरलेला असे, पण तो नाते पाहून निवडलेला असे, आणि ‘वि. वि.’ नंतर विहिरीचे पाणी, गायीचे वासरू, कुणाचा ताप असे त्या घराचेच काही येई. आजच्या निरोपात मायनाच लांबवून त्याचा मजकूर केला जातो, आणि ‘वि. वि.’ नंतरची जागा रिकामी राहते. ती जागा भरायला दोन वाक्ये पुरतात. दुसऱ्या कुणालाही पाठवता येणार नाही अशी एक वस्तू किंवा घटना तिथे यावी, आणि शक्यतो तिच्याविषयीचा एक प्रश्न यावा. प्रश्न आला की ‘धन्यवाद’ हे उत्तर पुरत नाही.

‘परिवारास’ या शब्दाबद्दलही सांगतो. ज्या घरातला एक माणूस गेला आहे, तिथे हा शब्द नेमकी त्याचीच रिकामी जागा दाखवतो. त्यामुळे जी माणसे आहेत त्यांची नावे किंवा नाती लिहावीत. नावामागे ‘सौ.’ जाऊन ‘श्रीमती’ किंवा जुन्या पद्धतीने ‘गं. भा.’ लिहावे की काय, हा विचारही करू नये. ‘ती. आत्या’ एवढे पुरे आहे.

टोरांटोतील बडोदेकर

एक भर घालतो. मला ज्या दिवशी खरोखर बडोदे आठवते तो दिवस लक्ष्मीपूजनाचा नव्हे, दुसऱ्या सकाळचा असतो, कारण त्या दिवशी गुजराती शेजारी दारात येऊन ‘साल मुबारक’ म्हणत आणि आईने मठिये आणि चिरोटे एकाच ताटात ठेवलेले असत. माझ्या चुलतभावाने एकदा फक्त ‘साल मुबारक रे’ एवढेच लिहिले होते. त्याला मी लगेच फोन केला.

शुद्धलेखनाचा आग्रही

हे मला पटत नाही. गुजरातेत विक्रम संवताचे वर्ष कार्तिक प्रतिपदेला सुरू होते. आपले वर्ष चैत्रात, गुढीपाडव्याला सुरू होते. मराठी निरोपात त्या दिवशी ‘पाडव्याच्या शुभेच्छा’च हव्यात, ‘नूतन वर्षाभिनंदन’ किंवा ‘साल मुबारक’ नव्हे. नाहीतर नागपूरहून आलेल्या वहिनींना कळणार नाही की कोणते वर्ष बदलले.

टोरांटोतील बडोदेकर

वहिनींना लिहिताना पाडवा म्हणा. मला लिहिताना ‘साल मुबारक’ म्हणा, कारण मी त्या गल्लीत वाढलो आहे.

शुद्धलेखनाचा आग्रही

एकाच घरात दोन भाषांतले दोन निरोप जावेत हे मला अजूनही योग्य वाटत नाही.

दांडियाबाजारकर

सर्वांचे म्हणणे वाचून हा मसुदा केला आहे.

‘ती. आत्या, साष्टांग नमस्कार. परवा करंज्या करताना तुझे पितळेचे कातण काढले. त्याचा एक दात झिजलेला आहे, त्यामुळे कडेवर थोड्या थोड्या अंतराने एक जागा सपाट उमटते. आई म्हणते की ते तुझ्या लग्नाआधीपासून असेच आहे आणि तो दात तूच घालवलास. खरे का? गेल्या वर्षी मी तुला विचार न करता जो निरोप पाठवला त्याबद्दल मला क्षमा कर, काकांच्या जाण्यानंतर तसे लिहायला नको होते. लक्ष्मीपूजनाला काकांची आणि तुझी आठवण निघेलच. दादाला, वहिनींना आणि दोन्ही मुलांना दिवाळीच्या शुभेच्छा सांग. तुझा आशीर्वाद असू दे.’

जुनी दौत

दादा-वहिनींना ‘शुभेच्छा’ हा शब्द अगदी योग्य जागी आला आहे, आणि तो आत्याच्या तोंडून पोचवला हेही चांगले. फक्त क्षमेचे वाक्य इथे नको असे मला वाटते. कातणाचा दात वाचून ती हसत असेल, आणि पुढच्याच ओळीत तिला तुमचे सांत्वन करावे लागेल. ‘काकांची आठवण निघेलच’ यात सांगायचे ते येऊन गेले आहे.

टोरांटोतील बडोदेकर

मी असतो तर ते वाक्य ठेवले असते. वर्षभर मनात असलेली गोष्ट लिहून आली की घेणाऱ्यालाही बरे वाटते.

दांडियाबाजारकर

क्षमेचे वाक्य काढले आहे, ते मी तिला फोनवर सांगेन. आमच्याकडे सकाळचे सात म्हणजे तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ, आणि त्या वेळी ती जागी असते. कातणाचा प्रश्न तसाच ठेवला आहे.