मदत हवी आहे: शून्ये नसतील तर सममिती अक्ष कसा शिकवावा?

नमस्कार मंडळी. फोंड्यात दहावीच्या मुलांची शिकवणी घेतो. टेबल न करता ग्राफ काढायला शिकवतोय.

उदाहरण y = -½(x + 2)(x - 6). शून्ये -2 आणि 6, त्यांचा मध्य 2, म्हणून अक्ष x = 2. तिथे y = -½ × 4 × (-4) = 8, म्हणजे शिरोबिंदू (2, 8). x = 0 ठेवलं की y = 6; अक्षापलीकडे तितक्याच अंतरावर (4, 6) फुकटात मिळतो. पाच बिंदू झाले, वक्र काढायला पुरे.

नेहमीची चूक चिन्हांची. मुलं कंसातले आकडे तसेच उचलून शून्ये 2 आणि -6 धरतात, मग अक्ष x = -2 येतो. तिथे y काढला तर 0 येतो, म्हणजे शिरोबिंदूच x-अक्षावर! दोन वेगळी शून्ये असताना हे शक्यच नाही, त्यामुळे चूक तिथेच पकडता येते.

आता अडचण. y = x² - 4x + 7 ला वास्तव शून्येच नाहीत. मी y = x(x - 4) + 7 असं लिहून दाखवतो: x = 0 आणि x = 4 ला y सारखाच, 7; मध्य 2, शिरोबिंदू (2, 3). पण मुलं 0 आणि 4 ही शून्येच समजतात आणि ग्राफ x-अक्षाला टेकवतात. ‘समान उंचीचे दोन बिंदू’ ही कल्पना शून्यांच्या आधीच शिकवावी का? कोणी तसं करून पाहिलंय?