मदत हवी आहे: काविळीसाठी बाळाला दिव्याखाली ठेवल्यानंतर कपाळावरचा आकडा आणि रक्तातला आकडा यांत एवढा फरक का?

लोकमान्यनगरी (इंदूर)

सर्वांना नमस्कार. आमचे बाळ सदतीस आठवडे पूर्ण होताच जन्मले, वजन २.७ किलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याचा चेहरा पिवळट दिसू लागला, आणि जन्मानंतर साधारण ६० तासांनी रक्तातले एकूण बिलिरुबिन, म्हणजे काविळीचे पिवळे द्रव्य, १७.२ आल्यामुळे त्याला निळ्या दिव्याखाली ठेवले. दिवा लावल्याच्या दुसऱ्या दिवशी कपाळाला टेकवायच्या यंत्राने १०.१ दाखवले, तेव्हा आम्हाला हायसे वाटले. पण त्याच वेळी टाचेतून घेतलेल्या रक्तात १३.४ निघाले. डॉक्टरांनी रक्ताचाच आकडा धरला, दिवा बंद केला आणि उद्या पुन्हा रक्त तपासू असे सांगितले. पत्नीचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह आहे, बाळाचा ए पॉझिटिव्ह. यंत्र असताना पुन्हा टोचणे खरोखर आवश्यक आहे का?

सुदामानगर

अभिनंदन! आमच्या घरात सर्व बाळांना सकाळचे कोवळे ऊन दाखवत असत आणि कावीळ उतरत असे. दिवा म्हणजे शेवटी प्रकाशच. घरी नेऊन रोज थोडा वेळ उन्हात ठेवावे, टोचणे टळेल.

नवजात_परिचारिका (वडोदरा)

मी नवजात अतिदक्षता विभागात काम करते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात लाल पेशी मोठ्यांपेक्षा अधिक असतात आणि त्या लवकर फुटतात. त्यातून निघणारे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नाही. यकृताने ते विरघळेल असे केले, तरच ते पित्तावाटे शीमधून बाहेर पडते. परंतु यकृतातले हे काम करणारे विकर पहिले काही दिवस मंद असते. दूध कमी गेले आणि शी कमी झाली, तर आतड्यात उतरलेले बिलिरुबिनही पुन्हा रक्तात शोषले जाते. आई ओ आणि बाळ ए असेल, तर आईची प्रतिपिंडे बाळाच्या पेशी आणखी फोडू शकतात.

आता आपला प्रश्न. निळा प्रकाश, विशेषतः ४६० ते ४९० नॅनोमीटरचा, त्वचेतल्या आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांतल्या बिलिरुबिनच्या रेणूची रचना बदलतो आणि ते यकृताच्या मदतीशिवाय पित्तात उतरते. त्यामुळे त्वचा आधी निवळते, रक्त मागे राहते. कपाळावरचे यंत्र त्वचेचा पिवळेपणा वाचून रक्ताचा अंदाज बांधते, म्हणून दिव्यानंतर ते कमी दाखवते. काही ठिकाणी डोळ्यांच्या पट्टीखाली झाकलेल्या त्वचेवर मोजतात आणि तो आकडा अधिक जवळचा असतो. तरी उपचार चालू असताना व लगेच नंतर मी स्वतः रक्ताच्याच आकड्यावर विसंबेन. दिव्यापूर्वीच्या चाळणी तपासणीसाठी मात्र तेच यंत्र उत्तम आहे.

सुदामानगर, दिवा म्हणजे प्रकाशच हे आपले म्हणणे खरे आहे, आणि उन्हातही निळा प्रकाश असतो. इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयात १९५० च्या दशकात सिस्टर जीन वॉर्ड यांच्या लक्षात आले होते की उन्हात नेलेल्या बाळाची उघडी त्वचा निवळते आणि झाकलेली पिवळीच राहते. पण उन्हाची मात्रा मोजता येत नाही, त्वचा भाजू शकते, आणि उघडे बाळ गारठते. १७ च्या आकड्यावर ऊन हा उपचार नव्हे.

सराफ्याजवळची

माझी मुलगी तीन आठवडे पिवळी होती. शेजारच्या काकूंनी अंगावरचे दूध बंद करायला सांगितले होते. तुम्हीही करून पाहा.

नवजात_परिचारिका (वडोदरा)

ताई, आपली अवस्था वेगळी होती. केवळ आईच्या दुधामुळे कावीळ लांबू शकते, पण त्यासाठी दूध बंद करण्याची गरज सहसा नसते. इथे तर बाळाला दिवसाकाठी आठ ते बारा वेळा पाजणे हवे. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला तर डायरेक्ट बिलिरुबिन, म्हणजे यकृताने विरघळेल असे केलेले बिलिरुबिन, तपासून घ्यावे. शी पांढुरकी आणि लघवी गडद असेल, तर थांबू नये, कारण पित्तनलिकेच्या आजारात वेळ फार मोलाचा असतो.

लोकमान्यनगरी (इंदूर)

मनापासून आभार. आज रक्तात १४.१ आले, आणि आईची प्रतिपिंडे बाळाच्या लाल पेशींना चिकटली आहेत का हे पाहणारी डायरेक्ट कूम्ब्स चाचणी सौम्य पॉझिटिव्ह आहे. दिवा बंद केल्यावर आकडा वाढला, म्हणजे उपचार फसला का?

नवजात_परिचारिका (वडोदरा)

नाही. दिवा बंद झाल्यावर आकडा थोडा वर जातो, आणि तो किती जातो हे पाहण्यासाठीच आजचे रक्त घेतले. मात्र कूम्ब्स पॉझिटिव्ह असल्यामुळे पेशी अजून फुटत असण्याची शक्यता आहे, आणि अशा बाळांसाठी दिवा लावण्याची रेषा खालची धरतात. आठवडे आणि वयाचे तास धरून आपल्या बाळाची रेषा किती आहे, हे डॉक्टरांना तक्त्यावर दाखवायला सांगा. बाळ सुस्त पडले, दूध ओढेनासे झाले, किंचाळल्यासारखे रडू लागले किंवा मागे कमान करू लागले, तर तपासणीच्या वेळेची वाट पाहू नका.

लोकमान्यनगरी (इंदूर)

डॉक्टर उद्या आणखी एकदा रक्त पाहून घरी सोडायचे म्हणतात, पत्नीला मात्र दोन दिवस थांबावेसे वाटते. हिमोग्लोबिन नंतर कधी तपासावे, हेही कोणी अनुभवी सांगू शकेल का?