९९ची शेपटी आणि मुद्दाम ठेवलेला तिसरा पर्याय: छोट्या दुकानाने या वाटेला जावं का?

पानोपानी
माझं चित्रकलेच्या वह्यांचं छोटं ऑनलाइन दुकान आहे. महिन्याला ३,००० लोक येऊन बघतात, ६० ऑर्डरी पडतात. वही ५००ला होती, ती ४९९ केली. आधीच्या दोन आठवड्यांत २६ ऑर्डरी होत्या, नंतरच्या दोन आठवड्यांत ३७. म्हणजे युक्ती लागू पडली ना? आता तीन वह्यांचा संच (१,२००) जास्त खपावा म्हणून शेजारी दोन वह्यांचा संच १,१५०ला ठेवणार आहे. तो कुणी घ्यावा म्हणून नाही, तिनाचा स्वस्त दिसावा म्हणून. माझ्या मते प्रत्येक छोट्या दुकानाने हे करावं. तुम्हाला काय वाटतं?

सरळरेघ
माझा विरोध आहे. हाताने शिवलेल्या वहीला ५०० हाच आकडा शोभतो, ४९९ लिहिलं की ती सेलमधली वाटते. आणि कुणी घेऊच नये अशी वस्तू मांडणं मला पटत नाही. गिऱ्हाईक विश्वासाने यादी वाचतं.

नऊवाला
शोभण्याचं सोडा, आकडे बघा. २००३ साली अँडरसन आणि सिमेस्टर यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. टपालाने कपडे विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमध्ये एकच ड्रेस ३४, ३९ आणि ४४ डॉलरला छापून वेगवेगळ्या लोकांना पाठवला. सगळ्यात जास्त खप ३९ला, ३४पेक्षाही जास्त! शेवटी ९ आला की विक्री वाढतेच.

हिशेबनीस
नऊवाला, प्रयोग बरोबर सांगितलात, पण 'वाढतेच' हे त्यातून निघत नाही. त्याच संशोधकांना असंही दिसलं की ९चा परिणाम नव्या, गिऱ्हाइकाला भाव माहीत नसलेल्या वस्तूंवर जास्त होतो आणि शेजारी 'सेल' लिहिलं की कमी होतो. दुसरं म्हणजे डावीकडचा आकडा. ५००चे ४९९ झाले की पाचाच्या जागी चार दिसतो. ५६०चे ५५९ केले तर डावीकडे पाचच राहतो, आणि मग परिणाम फारसा दिसत नाही.

पानोपानी, आता तुमचे २६ आणि ३७. फरक ११चा. दोन्हींची बेरीज ६३, तिचं वर्गमूळ जवळपास ८, त्याची दुप्पट १६. फरक १६च्या आत असेल तर तो निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. किंमत न बदलताही एका पंधरवड्यात २६ आणि पुढच्यात ३७ येणं अगदी शक्य आहे.

पानोपानी
मग अजून दोन महिने चालू ठेवून रोज बघत राहू? फरक पुरेसा मोठा झाला की थांबते.

हिशेबनीस
तसं मात्र करू नका. रोज डोकावून हवा तो आकडा दिसला की थांबायचं ठरवलं, तर तो कधी ना कधी दिसतोच. थांबायची तारीख आधी लिहून ठेवायची.

आणि दोन महिने पुरणारही नाहीत. तुमच्याकडे शंभरात दोघं विकत घेतात. ते प्रमाण अडीचवर गेलं का, हे बऱ्यापैकी खात्रीने कळायला प्रत्येक किमतीला जवळपास चौदा हजार लोक लागतात, म्हणजे एकूण अठ्ठावीस हजार. तुमच्या वर्दळीला नऊ महिन्यांहून जास्त. एवढ्यात ऋतू बदलतो, जाहिरात बदलते, आणि फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

मुळात ४९९ची चाचणी तुम्हाला हवी कशाला? वहीचा खर्च किती येतो?

पानोपानी
कागद, शिवण, खोकं धरून ३००.

हिशेबनीस
म्हणजे नफा २००चा १९९ झाला. तीन-साडेतीन महिन्यांत एक ऑर्डर जादा आली की भरपाई झाली. आवडत असेल तर ठेवा, सरळरेघ म्हणतात तसं खटकत असेल तर काढा. दोन्हीकडे जोखीम नगण्य आहे. असा प्रश्न मोजण्यात वर्ष घालवू नये.

गाठोडं
मी ४९९ लावून पाहिलं. पण पोचवण्याचा खर्च शेवटच्या पानावर लागायचा आणि तिथे ५४९ दिसायचे. बरेच लोक तिथूनच परत जायचे. तो खर्च किमतीतच धरला आणि ५४९ सरळ वर लिहिले, तेव्हा निदान विचारणा करणारे मेल तरी थांबले. शेपटीपेक्षा शेवटची बेरीज बघा.

सरळरेघ
त्या दोनाच्या संचाकडे कुणी नीट पाहिलंय का? दोन सुट्या वह्या ९९८ला मिळतात आणि संच १,१५०ला! गिऱ्हाइकाला दोनदा बटण दाबून स्वस्त पडतं. हे ज्याच्या लक्षात येईल त्याला तिनाच्या संचाचाही संशय येईल.

नऊवाला
हे मात्र बरोबर आहे. मग दोनाचा ९५०ला ठेवा.

हिशेबनीस
९५०ला ठेवला तर तो डिकॉय, म्हणजे दुसरा पर्याय उठून दिसावा म्हणून ठेवलेला पर्याय, राहत नाही, खरा पर्याय होतो, आणि एखादं गिऱ्हाईक तिनावरून दोनावर उतरेल. डिकॉय एकाच पर्यायापुढे उघड फिका पडायला हवा, दोन्हींपुढे नाही. मोजता येणाऱ्या वस्तूंत हे जमत नाही, कारण लोक बेरीज करतात. ज्याची बेरीज होत नाही तिथे जमतं: तीन वह्या नुसत्या १,२००ला आणि तीन वह्या कापडी वेष्टणासह १,२००ला. पण तुमच्या दुकानात त्याचाही भरवसा देत नाही. १९८२पासून हा परिणाम दाखवला गेलाय, तो मुख्यतः आकड्यांच्या तक्त्यांवर. २०१४मध्ये आकड्यांऐवजी चित्रं किंवा प्रत्यक्ष वस्तू ठेवून पाहिलं तेव्हा तो बहुतेक विरला. तुमची वही लोक फोटो बघून घेतात.

सरळरेघ
वेष्टणाशिवायचा संच त्याच भावात? तो चुकून कुणी घेतला तर?

हिशेबनीस
घेतला तर न विचारता वेष्टण घालून पाठवायचं. माझं तेवढं मत पक्कं आहे.

पानोपानी
मग मी तपासू तरी काय?

हिशेबनीस
मोठी उडी. एका बाजूला ५००, दुसऱ्या बाजूला ५९९. ५९९ला नफा २९९, म्हणजे ऑर्डरी एक तृतीयांश घटल्या तरी तुम्ही बरोबरीत. बारा आठवडे घ्या, सहा एका किमतीचे, सहा दुसऱ्या. आठवडा पूर्ण घ्यायचा, कारण सुटीचे दिवस वेगळे वागतात. कोणत्या आठवड्याला कोणती किंमत ते नाणं उडवून आधीच ठरवा. मधे जाहिरात किंवा फोटो बदलू नका. ५००ला साधारण ८४ ऑर्डरी येतील, बरोबरीचा आकडा ५६. हा २८चा फरक मघाच्याच रीतीने काढलेल्या योगायोगाच्या २४पेक्षा मोठा आहे, म्हणून तो तुमच्या वर्दळीतही दिसू शकतो. निकाल मात्र ऑर्डरींवर लावू नका, भेट देणाऱ्या माणसामागे नफा किती पडला त्यावर लावा. ५९९ला ७० ऑर्डरी आल्या तर विक्री पडलेली दिसेल, पण नफा १६,८०० ऐवजी २०,९३० असेल.

सरळरेघ
आणि ज्याने सोमवारी ५०० पाहिले आणि पुढच्या सोमवारी ५९९, त्याचं काय? हे मला डिकॉयपेक्षाही जास्त खुपतं.

हिशेबनीस
टोपलीत टाकलेली वस्तू जुन्याच भावाने द्यायची, आणि कुणी लिहून विचारलं तर कमीचा भाव द्यायचा. अशा ऑर्डरी वेगळ्या मोजायच्या. तरी तुमचा मुद्दा पूर्ण सुटत नाही. जो न लिहिता निघून जातो तो हिशेबात येत नाही.

पानोपानी
माझी निम्मी गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा येणारी आहेत, त्यामुळे सरळरेघ यांचं म्हणणं मला लागलं. ही चाचणी जुन्या वहीवर करत नाही. पुढच्या महिन्यात जाड कागदाची नवी वही येतेय, तिचा भाव अजून कुणी पाहिलेला नाही. पण तिला आधीच्या विक्रीचा आकडाच नाही, मग बारा आठवडे पुरतील का?